अहो आईंच्या वाढदिवसाचं कॅप्शन

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आईंचा वाढदिवस अर्ध्या तासावर आला होता आणि माझ्या फोनवर त्यांचा फोटो तयार होता, फक्त खाली काय लिहायचं ते सुचत नव्हतं. नवरा म्हणाला, तू लिही ना, तुला चांगलं येतं. त्याची आई आणि लिहायचं मी, हे आमच्याकडे दरवर्षीचंच, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही कारण मला खरंच लिहायचं असतं. पण गेली आठ वर्षं मी जे लिहीत आलेय ते त्या रात्री मागे जाऊन एकेक करून वाचलं आणि मला कसंतरीच झालं, कारण आठही कॅप्शन्स माझी नव्हतीच. म्हणजे टाईप मीच केली होती. पण त्यातलं कुठलंही कॅप्शन उचलून माझ्या जावेच्या आईच्या, शेजारच्या काकूंच्या, कुणाच्याही सासूच्या फोटोखाली चिकटवलं असतं तरी चाललं असतं.

एक नमुना देते, पाच वर्षांपूर्वीचा. "सासू नव्हे, आईच! माझी मैत्रीण, माझी मार्गदर्शक, माझा आधार. तुमच्या मायेच्या सावलीत आम्ही सगळे सुखी आहोत. अशाच हसत राहा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" यात एकही शब्द खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण यात आई कुठेच नाहीत. यात एक सासू आहे, चांगल्या सासूचा साचा म्हणा, आणि त्याखाली मी सही केल्यासारखी उभी आहे.

आणि ते "सासू नव्हे, आईच" हे मी इतक्यांदा लिहिलंय, इतक्यांच्या पोस्टवर वाचलंय की त्यात काही खटकतं हे कळायलाच मला वर्षं लागली. नीट बघा ना. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग सांगतो की सासू असणं ही मुळात वाईट गोष्ट आहे आणि ही बाई त्याला अपवाद आहे. म्हणजे कौतुक करायच्या आधी आपण तिला एका वाईट रांगेत उभं करतो आणि मग हात धरून बाहेर काढतो. बरं दुसरा अर्धा भाग माझ्या आईला लागतो. ती बिचारी तिकडे बसून ते वाचते, लाईकही करते, पण तिच्या जागेवर लेकीने आणखी कुणाला बसवलं हे तिला चारचौघांत कळतं. आणि सासूबाईंनाही खरं तर ते नको असतं. माझ्या आई एकदा सहज म्हणाल्या होत्या, कुणाच्या तरी पोस्टवरून, "आई तिची आहे की, मी कशाला आई व्हायचं? मी सासू आहे, चांगली सासू आहे." त्या वेळी मी हसले होते. त्या रात्री ते वाक्य आठवलं आणि मी ठरवलं की या वर्षी त्या सासूच राहणार, माझ्या कॅप्शनमध्ये सुद्धा.

मग प्रश्न आला हाक कशी मारायची. बाहेरून बघणाऱ्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल पण अर्ध कॅप्शन इथेच खरं किंवा खोटं ठरतं. मी दोघींनाही आईच म्हणते. माझ्या आईला "आई, तू", सासूबाईंना "आई, तुम्ही". मैत्रिणींशी बोलताना गोंधळ नको म्हणून "अहो आई" म्हणते, तसं आपल्यापैकी निम्म्या जणी म्हणतातच. म्हणजे दोन्ही नात्यांतला सगळा फरक त्या तू आणि तुम्हीमध्ये आहे. आणि मी मात्र मागच्या दोन वर्षांच्या कॅप्शनमध्ये काय केलं होतं? "आई, तू आहेस म्हणून आम्ही आहोत." मी त्यांना जन्मात कधी तू म्हटलेलं नाही! का लिहिलं, तर "तू" जास्त जवळचं वाटतं, पोस्टमध्ये जास्त गोड दिसतं. पण ज्यांनी आम्हाला घरात बोलताना ऐकलंय त्यांना ते वाचल्या वाचल्या कळणार की हे दाखवण्यासाठी आहे, आणि आईंना तर सगळ्यात आधी कळणार.

खरं म्हणजे "तुम्ही" मध्ये जवळीक कमी असते हे मला मान्यच नाही. मराठीत "तुम्ही"च्या मागे जो त येतो ना, आलात, म्हणालात, ठेवलंत, त्या त मध्ये मान पण आहे आणि समोर बसून बोलल्यासारखं पण आहे. "त्यांनी मला समजून घेतलं" हे वाक्य लोकांना सांगितलेलं आहे. "तुम्ही मला समजून घेतलंत" हे वाक्य त्यांना सांगितलेलं आहे आणि लोक फक्त ऐकतायत. कॅप्शन कुणाशी बोलतंय हे एकदा ठरवलं की मध्येच बदलायचं नाही. माझ्या जुन्या कॅप्शन्समध्ये पहिली ओळ "माझ्या सासूबाई म्हणजे" अशी लोकांशी आणि तिसरी ओळ "तुम्ही अशाच राहा" अशी त्यांच्याशी, म्हणजे बोलता बोलता मान वळवल्यासारखं. ज्यांच्या सासूबाईंना घरात सगळ्या सुना "तू" म्हणतात त्यांनी अर्थात तू च लिहावं, तिथे "तुम्ही" लिहिलं तर ते परकं होईल. जे घरात तेच फोटोखाली, एवढंच.

तर हाक ठरली. आता लिहायचं काय.

मी नोट्समध्ये त्यांच्याबद्दल सुचतील ते शब्द लिहायला घेतले. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीच्या, समजूतदार, हसऱ्या. पाच शब्द झाले आणि हात थांबला, कारण पाचही शब्द शाळेच्या निबंधातले. मग मी ते खोडले आणि ठरवलं की विशेषण लिहायचंच नाही, फक्त क्रियापद. त्या काय करतात. फोन संपवताना समोरच्याने ठेवेपर्यंत कानाला धरून ठेवतात. पेपर वाचून झाला की परत पहिल्यासारखा घडी घालून ठेवतात, की पुढच्याला नवा मिळावा. कुणाच्या खोलीचं दार अर्धं उघडं असलं तरी टकटक करतात, अगदी नातवाच्या खोलीचं पण. हे लिहिताना मला एकदम वेगळं वाटायला लागलं, म्हणजे बाई दिसायला लागली समोर. समजूतदार हा शब्द लिहिला तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आणि टकटक लिहिलं तर बोटं दिसली.

त्यातून मग लॅम्प आठवला.

मी डावखुरी आहे. लग्नानंतर लगेच माझी खात्याची परीक्षा होती, लेखी, आणि दिवसभर ऑफिस असल्यामुळे अभ्यास रात्रीच व्हायचा. माझ्यासाठी खोलीत एक टेबल लावलं होतं आणि त्याच्यावर लॅम्प, डाव्या बाजूला. घरात सगळे उजव्या हाताने लिहिणारे, त्यामुळे लॅम्प डावीकडेच असणार, कारण उजव्या हाताने लिहिताना उजेड डावीकडून आला की हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचं बरोबर उलटं होतं. उजेड डावीकडे, हात पण डावीकडे, त्यामुळे लिहीत जाऊ तसतशी सावली आपल्याच पेनाच्या टोकावर येऊन बसते. मला त्याची इतकी सवय होती की मी वही तिरकी करून, मान वाकडी करून लिहायचे आणि हे कुणाला सांगायचं असतं असं डोक्यातही आलं नव्हतं. नव्या घरात तर नाहीच.

एक दिवस ऑफिसमधून आले, रात्री टेबलाशी बसले आणि काहीतरी वेगळं आहे असं वाटलं. लॅम्प उजवीकडे होता. नुसता उचलून ठेवला नव्हता, कारण प्लग पॉइंट डाव्या भिंतीला आणि लॅम्पची वायर तेवढी पुरत नाही. त्यांनी एक्स्टेंशन आणलं होतं, वायर टेबलाच्या मागून भिंतीच्या कडेने नेली होती, पायात येऊ नये म्हणून तिला छोट्या क्लिपा मारल्या होत्या. सहा क्लिपा. मी मोजल्या होत्या. मी बाहेर जाऊन विचारलं, लॅम्प कुणी हलवला, तर आई पुस्तकातून वर बघून म्हणाल्या, "सावली पडत होती ना तुझ्या हाताची." आणि परत वाचायला लागल्या. बस. त्यानंतर आजपर्यंत हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मी तेव्हा थँक्यू पण म्हटलं की नाही मला आठवत नाही.

आठ वर्षं मी मार्गदर्शक आणि आधार आणि मैत्रीण लिहीत राहिले आणि हा लॅम्प रोज रात्री माझ्या उजव्या हाताला जळत होता.

ही गोष्ट सापडल्यावर वाटलं झालं, आता पाच मिनिटांत लिहून होईल. पण खरी गोष्ट हातात असली तरी ती लिहिताना बिघडवता येते आणि मी ती चार वेळा बिघडवली, ते सांगते कारण मला वाटतं बहुतेक जण इथेच घसरतात.

पहिल्यांदा मी लिहिलं, "जे माझ्या आईलाही कधी सुचलं नाही ते तुम्ही केलंत." वाचून बरं वाटलं आणि दोन मिनिटांनी पोटात खड्डा पडला. माझी आई हे वाचणार. तिने मला डाव्या हाताने लिहू दिलं, लहानपणी मला हात बदलायला लावणाऱ्यांशी ती भांडली, आणि मी काय तिला एका लॅम्पवरून हरवायला निघाले? एकीचं कौतुक करताना दुसरीला मोजायला काढायचं नाही हे मी तिथेच शिकले. जाऊ, नणंद, आपली आई, कुणीच नाही. "इतर सासवांसारख्या नाहीत" हे सुद्धा त्यातच आलं.

दुसऱ्यांदा मला सावली या शब्दावर खेळावंसं वाटलं. म्हणजे, सगळे मायेच्या सावलीबद्दल लिहितात, तुम्ही तर माझ्या वहीवरची सावली काढलीत, असं काहीतरी. मला ते वाक्य फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटं ते तसंच ठेवलं. मग लक्षात आलं की त्यात माझी हुशारी दिसतेय, लॅम्प मागे गेलाय, आणि वाढदिवस माझा नाहीये. वाचणारे म्हणणार वा काय लिहिलंय, आणि आईंच्या क्लिपा कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. काढून टाकलं. अजून थोडं हळहळायला होतं पण काढलं ते बरोबरच केलं.

तिसऱ्यांदा मी शेवटी अर्थ सांगितला. "अशा छोट्या छोट्या गोष्टींतूनच तुमचं प्रेम कळतं." हे वाक्य आलं की वरचं सगळं एकदम पुस्तकी वाटायला लागतं. लॅम्प हलवला, वायरला क्लिपा मारल्या, हे वाचून ज्याला कळायचं त्याला कळलेलंच असतं, परत खाली ते प्रेम होतं अशी पाटी लावली की वाटतं आपल्याला आपल्याच गोष्टीवर भरवसा नाही.

आणि चौथी चूक म्हणजे त्याग. "स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीत, आयुष्यभर आमच्यासाठी झिजलात." वाढदिवसाच्या पोस्टवर हे इतकं येतं की ते कौतुकच आहे असं आपण धरून चालतो. पण ज्या बाईबद्दल लिहितोय तिच्या बाजूने वाचून बघा. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी फोन उघडला आणि सगळ्यांसमोर लिहिलंय की तू झिजलीस. माझ्या आई झिजलेल्या वगैरे नाहीत. त्या पुस्तक वाचतात, त्यांना आवडत नाही ते स्पष्ट सांगतात, दुपारी दोन ते चार त्यांना कुणी हाक मारलेली चालत नाही. त्यांना मी त्यागमूर्ती केलं तर त्या दोन ते चारचं काय करायचं? आणि मनात कुठेतरी असंही वाटतं की आपण ज्याला त्याग म्हणून मिरवतो त्यातला बराचसा भाग आपणच थांबवू शकलो असतो.

आता एक गोष्ट जरा जपून सांगायची आहे. आमचं नातं आठ वर्षं सरळ रेषेत चाललेलं नाही. मधलं एक वर्ष असं होतं की आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. कारण सांगत नाही, ते आमच्या दोघींचं आहे. पण त्या वर्षीचं कॅप्शन मी परत वाचलं तर ते सगळ्यात लांब आणि सगळ्यात गोड होतं! जगातली सर्वात चांगली सासू, मी किती भाग्यवान, लाल बदामांची रांग. मन जितकं लांब गेलं होतं तितके शब्द मोठे झाले होते. ते आईंना पाठवलं तेव्हा त्यांनी फक्त हात जोडलेला इमोजी परत पाठवला होता आणि मला तेव्हाच कळलं होतं की त्यांना कळलंय.

म्हणून मला वाटतं की नात्यात अवघडलेपण असेल त्या वर्षी वाक्य मोठं करायचं नाही, उलट लहान करायचं. जेवढं खरं आहे तेवढंच, ते एक ओळ असलं तरी. "जगातली सर्वात चांगली" हे कुणालाच पेलत नाही, पण "तुम्ही दारावर टकटक करता, मला ते फार आवडतं" हे भांडणाच्या वर्षीही खरंच होतं. आणि जे बिनसलंय ते कॅप्शनमध्ये आणायचं नाही, आडूनसुद्धा नाही. "आपल्यात कितीही मतभेद असले तरी" अशी सुरुवात मी बघितलीय, लिहिणाऱ्याला वाटतं आपण प्रामाणिक आहोत, पण वाचणारे दोनशे लोक त्यातले फक्त मतभेद उचलतात आणि वाढदिवस असलेल्या बाईला दिवसभर उत्तरं द्यावी लागतात. माफी मागायची असेल तर खोलीत जाऊन मागावी. मी तशीच मागितली होती, नंतर.

माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न वेगळाच होता. तिच्या सासूबाई दुसऱ्या गावी राहतात, वर्षातून दोनदा भेट, भांडण नाही पण सहवासही नाही. ती म्हणाली, मला लॅम्पबिम्प काही नाही गं, मी काय लिहू? मी तिला म्हटलं की फोटो बघत बसू नको, फोटोत सगळे सारखेच हसतात, तुमचं दोघींचं चॅट उघड आणि वर वर जात राहा. तिने उघडलं. त्यात जवळजवळ सगळे मेसेज एकाच प्रकारचे. ती कुठेही प्रवासाला निघाली की त्यांचा मेसेज, "पोचलीस की कळव." आणि खाली तिचा, "पोचले." रात्रीचे एक, पहाटेचे चार, कितीही वाजलेले असोत, तिच्या "पोचले"वर लगेच त्यांच्या दोन निळ्या टिका आणि "बरं" असं उत्तर. म्हणजे त्या जाग्या असायच्या. सहा वर्षं ती याला नुसती चौकशी समजत होती. तिने वाढदिवसाला एवढंच लिहिलं:

"आई, पोचले.
हा मेसेज रात्री कितीही वाजता केला तरी तुमचं 'बरं' लगेच येतं.
वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा."

यात एकही मोठा शब्द नाही, आणि नात्यात जेवढी ऊब आहे त्याच्यापेक्षा एक डिग्रीही जास्त दाखवलेली नाही. मला हे माझ्यापेक्षा चांगलं वाटतं.

थोडं तांत्रिक पण सांगते कारण त्याचा लिहिण्याशी थेट संबंध आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० कॅरेक्टर चालतात, पण फीडमध्ये पहिली एखाद-दुसरी ओळच दिसते, बाकीचं दाबून उघडावं लागतं. आणि फोन मराठी मोजतो ते आपल्या कानासारखं नाही. "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" यात आपल्याला १२ अक्षरं ऐकू येतात, फोनच्या हिशोबाने स्पेस धरून २९ होतात, कारण काना, वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षराच्या मधला न दिसणारा हलन्त, सगळं तो वेगवेगळं मोजतो. तर आपण सुरुवातच या शुभेच्छांनी केली, मग नाव, मग केक आणि फुग्यांचे इमोजी, की दिसणारी जागा तिथेच संपली. ज्या ओळीत खरी गोष्ट आहे ती खाली दबली. म्हणून शुभेच्छा शेवटी आणि गोष्ट आधी. शुभेच्छा कुठे पळून जात नाहीत, वाढदिवस आहे हे सगळ्यांना माहीतच असतं.

फोटोचंही तसंच. माझ्याकडे आमचा दोघींचा एक सेल्फी होता, मी त्यात छान दिसते, आणि त्यांचा एक होता, खिडकीशी बसून वाचताना, चष्मा नाकावर खाली आलेला. मी आधी सेल्फीच घेतला होता. मग दुसरा घेतला, पण टाकायच्या आधी त्यांना रात्रीच जाऊन दाखवला. हा टाकू का म्हणून. त्या म्हणाल्या, चष्मा वर केलेला नाही का कुठला? तसा एक सापडला. तो टाकला. दुसऱ्याच्या चेहऱ्याचा निर्णय आपण परस्पर घ्यायचा आणि त्याला सरप्राइज म्हणायचं, हे मला आता पटत नाही.

गोष्टीबद्दल विचारलं नाही मात्र. फोटो विचारून, गोष्ट न विचारता, असं का, तर मी स्वतःला एक प्रश्न विचारला होता, की ही ओळ आईंच्या धाकट्या बहिणीने त्यांच्यासमोर मोठ्याने वाचली तर आईंना कसं वाटेल? लॅम्पची गोष्ट कुणीही वाचली तरी त्यांना संकोच होण्यासारखं त्यात काही नव्हतं. आधी मी दुसरी एक गोष्ट लिहिणार होते, माझ्या आजारपणातली, त्या एकदा माझ्यासमोर रडल्या होत्या ती. ती गोष्ट जास्त मोठी होती, जास्त लाईक्स मिळाले असते हेही मला माहीत होतं. पण ते रडणं त्यांनी मला एकटीला दाखवलं होतं.

नवऱ्याने एक सुचवलं, "आम्हा सगळ्यांकडून" असं लिही ना खाली. मी नाही म्हटलं. लॅम्प माझा, सावली माझ्या हाताची, त्यात सगळे कुठून आले? सगळ्यांकडून म्हटलं की ते कुणाकडूनच राहत नाही. त्याला म्हटलं तू तुझं लिही, तुझी आई आहे, तुझ्याकडे तर चाळीस वर्षांचं सामान आहे. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने फोन घेतला. त्याने काय लिहिलं ते तो सांगेल कधीतरी.

तर बारा वाजून गेल्यावर, म्हणजे वीसेक मिनिटं उशिराच, मी हे टाकलं:

"लग्नानंतरचा तिसरा महिना होता आणि माझ्या हाताची सावली वहीवर पडत होती.
मी डावखुरी, लॅम्प डावीकडे, आणि मी कुणाला काही बोलले नव्हते.
एक दिवस घरी आले तर लॅम्प उजवीकडे. एक्स्टेंशन लावलेलं, वायर भिंतीच्या कडेने, सहा क्लिपा मारलेली. विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, 'सावली पडत होती ना तुझ्या हाताची.'
आई, तो लॅम्प अजून उजवीकडेच आहे.
वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा."

पहिली ओळ फोनच्या हिशोबाने ७० च्या आत बसली, म्हणजे न उघडता दिसणारी. वाचणाऱ्याला सावली का पडतेय हे कळायला पुढे जावंच लागतं. "अजून उजवीकडेच आहे" हे वाक्य मी सगळ्यात शेवटी लिहिलं, आणि ते लिहिल्यावर मला कळलं की आता थांबायचं, कारण त्याच्यापुढे जे काही सुचत होतं ते सगळं परत आधार आणि मार्गदर्शककडे जात होतं. इमोजी एकही टाकला नाही. हॅशटॅग पण नाही.

आई इन्स्टाग्रामवर नाहीत. सकाळी मी ते त्यांना वाचायला दिलं, फोन हातात देऊन, अक्षर मोठं करून. खरं तर मी तिथून निघून जाणार होते, पण त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली. त्यांनी चष्मा वर केला आणि ओठ हलवत हळूहळू वाचलं, त्यांना तसंच वाचायची सवय आहे. मध्ये एकदा थांबल्या, परत वरच्या ओळीवर गेल्या. मी खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील, किंवा नुसतं छान लिहिलंयस म्हणून फोन परत देतील.

त्या म्हणाल्या, "तिसरा नाही. दुसरा महिना होता."

मी म्हटलं, "तिसरा ना आई? परीक्षा तर..."

"परीक्षा तिसऱ्यात होती. लॅम्प मी आधीच हलवला होता, तुझा सराव चालू होता तेव्हा. पहिले आठ-दहा दिवस तू वही तिरकी करून लिहीत होतीस, मला वाटलं सवय असेल तुझी. मग एका रात्री दारातून बघितलं तर उजेड असून तू चाचपडल्यासारखं लिहीत होतीस." आणि मग थोडं थांबून, "क्लिपा सातच्या सात मारल्या होत्या. एक पडली असेल."

मी आत जाऊन टेबलाखाली वाकून बघितलं. डाव्या कोपऱ्यात, जिथे वायर भिंतीवरून वळते तिथे, दोन बारीक भोकं होती, क्लिपेच्या खिळ्याची.

मग तिथेच जमिनीवर बसून कॅप्शन एडिट केलं. तिसराचं दुसरा केलं, सहाचं सात केलं.